ब्लाउजचं डिझाइन ठरायच्या आधीच एडिट संपतात? क्रेडिट कुठे जातात आणि ते कसे वाचवायचे

लग्नसराईच्या तोंडावर बुटीक चालवणाऱ्या मैत्रिणींकडून एकच तक्रार पुन्हा पुन्हा ऐकू येते. गिऱ्हाइकानं पैठणी आणून दिली, तिला ब्लाउजचे तीन-चार प्रकार एआय फोटो एडिटरमध्ये करून दाखवायचे ठरले, आणि दुसरा प्रकार धड यायच्या आत दिवसाचे मोफत एडिट संपले. मग क्रेडिटचा पॅक घेतला, तर तोही दोन ऑर्डरींत उडाला. गॅलरीत चित्रांचा ढीग पडलाय, पण गिऱ्हाइकाच्या हातात द्यावं असं एखादंच.

टूल बदलून हा प्रश्न सुटत नाही. कुठलंही टूल घ्या, ते काढलेल्या चित्राचे क्रेडिट कापतं. चित्र उपयोगाचं निघालं की नाही, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. म्हणून बटण दाबायच्या आधी काय ठरलेलं असतं यावर सगळा हिशेब अवलंबून आहे. खाली मी पैठणीच्या ब्लाउजचंच उदाहरण घेऊन लिहिते, कारण त्यात कापड मोजकं असतं, काठ अवघड असतो आणि पाठीच्या गळ्यावर गिऱ्हाइकाचं सगळं लक्ष असतं. पंजाबी ड्रेस किंवा परकर-पोलक्यालाही हीच पद्धत चालते.

आधी गळती शोधा

टूलच्या हिस्टरीत गेल्या दोन-तीन ऑर्डरींची चित्रं उघडा. वाया गेलेल्या प्रत्येक चित्रासाठी वहीत एक अक्षर लिहा. मूळ फोटोमुळे बिघडलं असेल तर फ. सूचना मोघम होती तर स. टूलनंच भलतं काही केलं तर ट. आणि चित्र चांगलं आलं, पण तोवर आपलं किंवा गिऱ्हाइकाचं मन बदललं, तर म.

कुठलं अक्षर लिहायचं हे ओळखणं अवघड नाही. शब्द कितीही बदलले तरी दर वेळी त्याच जागी गोंधळ होतोय, उदाहरणार्थ मानेवरचे केस गळ्याच्या काठात मिसळतायत, तर दोष फोटोचा. प्रत्येक चित्र दुसऱ्यापेक्षा वेगळं येतंय, आणि तेही तुम्ही न मागितलेल्या गोष्टीत, एकदा बाही लांब तर एकदा आखूड, तर सूचनेत ती गोष्ट लिहायची राहून गेलीय. बाकी सगळं बरोबर असून एकाच बाजूची बाही चार बोटं खाली गेली असेल, तर ती टूलची चूक. आणि चित्रात खोट काढायला जागा नसूनही ते उपयोगाचं नसेल, तर म.

बहुतेकींच्या वहीत म सगळ्यात जास्त वेळा येतो, असं माझं निरीक्षण आहे. म्हणजे क्रेडिट चित्र सुधारण्यात जात नाहीत, काय हवंय ते ठरवण्यात जातात. ते ठरवण्याचं काम कागदावर फुकट होतं, म्हणून सुरुवात तिथूनच करूया.

कापड पुरत नसेल तर चित्र काढायचंच नाही

उदाहरण घ्या. हिरवी पैठणी, जांभळे काठ, सोबत जांभळा ब्लाउज पीस. पीस 80 सेंटिमीटर, म्हणजे साडेएकतीस इंच, दोन्ही कडांना जरीचा काठ. गिऱ्हाइकाला बाहीच्या कडेला काठ हवाय, पाठीच्या गळ्याभोवतीही हवाय, आणि "फुग्याची बाही कशी दिसेल तेपण दाखवा" असंही ती जाता जाता म्हणून गेलीय.

आता टेप काढा. कोपरापर्यंतच्या बाहीचा घेर 11 इंच धरला आणि शिवणीला दीड इंच सोडला, तर एका बाहीला साडेबारा इंच काठ लागतो. दोन्ही बाह्यांना 25. एका कडेच्या साडेएकतीस इंचांतून 25 गेले की साडेसहा इंच उरतात. त्यात गळा होत नाही, पण दुसऱ्या कडेचा काठ अख्खा शिल्लक आहे, तो गळ्याला घेता येईल. मात्र सरळ विणलेला जरीकाठ गोल गळ्याभोवती वळवायला गेलं की आतल्या कडेला चुण्या पडतात. चौकोनी गळ्याला किंवा सरळ पट्टीला तोच काठ नीट बसतो. आणि फुग्याची बाही? तिच्या चुण्यांना लागणारं रुंद कापड या पिसात बाकीचा ब्लाउज बेतल्यावर उरत नाही. वेगळं मॅचिंग कापड घ्यायची गिऱ्हाइकाची तयारी असेल तरच तो विषय काढायचा.

या हिशेबानं फुग्याची बाही बाद झाली. काठ लावलेला गोल गळाही बाद झाला. हे दोन्ही प्रकार टूलनं अगदी सुंदर काढून दाखवले असते, कारण कापड किती आहे हे त्याला कळत नाही. आणि गिऱ्हाइकाला नेमका तोच आवडला असता! तिथे क्रेडिट तर जातातच, वर शिवता न येणारं डिझाइन दाखवल्यामुळे शब्दही जातो. म्हणून ब्लाउज पीस मोजल्याशिवाय एडिटर उघडायचा नाही, हा नियम मी सगळ्यात वर ठेवते.

एकच मूळ फोटो, सगळ्या ऑर्डरींना

गिऱ्हाइकाच्या फोटोवर काम करायचा मोह होतो, पण तो टाळा. तिच्या फोटोत पदर ब्लाउजवर येतो, केस पाठीवर असतात, हात अंगाला चिकटलेले असतात, उजेड ट्यूबलाइटचा असतो. प्रत्येक गोष्ट एकेक क्रेडिट खाते. शिवाय खऱ्या बाईच्या फोटोवर खोल गळा किंवा बिनबाह्यांचा ब्लाउज मागितला की बरीच टूल नकार देतात. असा नकार बरोबरच आहे, कारण अशा सोयीचा दुरुपयोग खूप होतो. पण आपलं सरळ कामही त्यात अडकतं. तिचा फोटो तिच्या परवानगीशिवाय कुठल्या सर्व्हरवर चढवू नये, हे तर आहेच.

त्यापेक्षा दुकानातला पुतळा घ्या. त्याला मापात बसणारा, फिक्या क्रीम रंगाच्या सुती कापडाचा साधा ब्लाउज घाला. पांढराशुभ्र नको, कारण उन्हात पांढऱ्यावरच्या चुण्या आणि सावल्या फोटोत नाहीशा होतात, आणि नवं कापड चढवताना टूल त्या सावल्यांवरूनच घडी ठरवतं. चमकदार सॅटिनही नको. मागे ब्लाउजपेक्षा वेगळ्या रंगाची साधी भिंत, खिडकीचा एका बाजूनं येणारा उजेड, मोबाइल छातीच्या उंचीवर. पुतळ्याला हात असतील तर ते अंगापासून थोडे सुटे. एक फोटो पुढून, एक पाठीमागून, मोबाइल जागचा न हलवता. फक्त पुतळा फिरवायचा. हे दोन फोटो म्हणजे तुमचा कायमचा पाया. पुढच्या सगळ्या ऑर्डरींना हेच दोन वापरायचे.

कापडाचा फोटो मात्र दर ऑर्डरीला नवा काढावा लागतो. पीस जमिनीवर सपाट पसरा, काठ फोटोच्या कडेला समांतर ठेवा, बरोबर वरून काढा. फ्लॅश बंद, नाहीतर जरीचा काठ पांढरा पडतो आणि चित्रात चंदेरी येतो. शेजारी टेप किंवा कात्री ठेवू नका, तीही कधी कधी चित्रात शिरते.

कल्पनांचे गठ्ठे कसे बांधायचे

कापडाच्या चाळणीतून समजा पाठीच्या गळ्याचे चार प्रकार उरले: चौकोनी, मटका, पान आणि बोट नेक, यातले मटका आणि पान काठाशिवाय. बाहीचे चार: आखूड, कोपराच्या वर, कोपरापर्यंत आणि पाऊण. पायपिंगचे रंग तीन: हिरवा, सोनेरी, जांभळा. सगळ्या जोड्या करून बघायच्या म्हटलं तर चार गुणिले चार गुणिले तीन, म्हणजे 48 चित्रं होतात. इतके मोफत एडिट सहसा मिळत नाहीत.

पण गळा बाहीवर अवलंबून नसतो. गळा वेगळा ठरवता येतो, बाही वेगळी, पायपिंग वेगळं. मग चार अधिक चार अधिक तीन, म्हणजे 11. त्यातही चार गळे एकाच चित्रात चार चौकटींमध्ये मागवता येतात, आणि चार बाह्याही तशाच. पायपिंगच्या रंगाला तर एआय लागतच नाही, ते पुढे सांगते. म्हणजे निवड करण्यासाठी दोन एडिट, आणि निवड झाल्यावर पुढचं एक आणि पाठीचं एक अशी दोन मोठी चित्रं. एकूण चार. दिवसाला दहा एडिट मिळत असतील, तर बिघाडासाठी सहा हाताशी राहतात.

चार चौकटींचं चित्र मागताना प्रत्येक चौकटीची जागा सांगून तिथे काय हवंय ते लिहायचं: वर डावीकडे चौकोनी गळा, वर उजवीकडे मटका, खाली डावीकडे पान, खाली उजवीकडे बोट नेक. नुसतं "चार वेगवेगळे गळे दाखव" म्हटलं तर दोन चौकटींत जवळजवळ सारखाच गळा येतो. नावं चित्रात लिहून मागू नका. अक्षरं बरेचदा बिघडतात, त्यातही देवनागरी जास्त. मोबाइलच्या मार्कअपमध्ये नंतर स्वतः 1, 2, 3, 4 टाका, गिऱ्हाइकाला फोनवर आकडा सांगणंही सोपं जातं.

चारच्या पुढे जाऊ नका. चित्र 1024 पिक्सेल लांब-रुंद असेल, तर चार चौकटींत प्रत्येकीच्या वाट्याला 512 येतात. गळ्याचा आकार कळायला तेवढे पुरतात. नऊ चौकटी केल्या तर प्रत्येकीला 341 उरतात. काठाची नक्षी चिखल होते आणि आकारही एकमेकांत मिसळू लागतात. आणि चौकटीतलं चित्र कापून, मोठं करून अंतिम म्हणून पाठवू नका. ते फक्त निवडीसाठी.

या पद्धतीचा खरा फायदा पुढे आहे. गळ्यांची चौकट पैठणीच्या कापडात काढायचीच नाही. ती पुतळ्यावरच्या साध्या क्रीम ब्लाउजवरच काढायची. मग ते चित्र या ऑर्डरीपुरतं राहत नाही, ते तुमच्या दुकानाचं गळ्यांचं पुस्तक होतं. इरकलीच्या ब्लाउजला, खणाच्या ब्लाउजला, पुढच्या दहा गिऱ्हाइकांना तेच दाखवा. आकार निवडायला रंग लागत नाही; उलट साध्या कापडावर आकार जास्त नीट दिसतो.

म्हणून कामाची वाटणी अशी करा. ज्या दिवशी ऑर्डर नाही, त्या दिवशीचे मोफत एडिट वाया घालवू नका, कारण बहुतेक टूलमध्ये ते दुसऱ्या दिवशी पुढे जात नाहीत. त्यात पुस्तक वाढवा: आज पाठीचे गळे, उद्या पुढचे गळे, परवा बाह्या, मग नाडी-लटकनचे प्रकार. फाइलला नाव देताना "पाठ-गळे-1" असं साधं नाव द्या, म्हणजे सापडेल. विकत घेतलेल्या क्रेडिटला मात्र पुस्तकासाठी हात लावायचा नाही. ते फक्त गिऱ्हाइकाच्या खऱ्या कापडातल्या अंतिम चित्रासाठी, आणि तेही तिनं पुस्तकातून गळा आणि बाही निवडल्यावर. ज्या दुकानात ही वाटणी पाळली जाते तिथे म जवळजवळ नाहीसा होतो.

सूचना लिहायची कशी

सूचना एडिटरच्या खिडकीत लिहायचीच नाही. ती मोबाइलच्या नोट्समध्ये लिहा, एकदा मोठ्यानं वाचा आणि मग चिकटवा. सुरुवातीला काय बदलायचं नाही ते, मग काय बदलायचं ते, आणि प्रत्येक भागाला वेगळी ओळ. आपल्या पैठणीच्या ब्लाउजची पाठीची सूचना अशी होईल:

```
पहिल्या फोटोतला पुतळा, कोन, भिंत आणि उजेड तसाच ठेव. फक्त ब्लाउज बदल.
कापड: दुसऱ्या फोटोतलं जांभळं रेशीम.
पाठीचा गळा: चौकोनी. गळ्याचा तळ, मान आणि ब्लाउजची खालची कड यांच्या मध्यावर.
बाही: घट्ट, कोपरापर्यंत, दोन्ही सारख्या लांबीच्या.
काठ: दुसऱ्या फोटोतला जरीकाठ, फक्त बाहीच्या कडेला आणि गळ्याच्या तळाशी सरळ पट्टीत.
गळ्याच्या बाकी दोन्ही कडा: बारीक हिरवी पायपिंग.
```

इथे गळ्याची खोली इंचात लिहिलेली नाही, हे लक्षात घ्या. आपण शिवणकामात "पाठ आठ इंच खोल" म्हणतो, पण टूलला फोटोतला इंच कळत नाही. आठ लिहा नाहीतर नऊ, फरक पडणं नशिबावर असतं. चित्रात दिसणाऱ्या खुणा सांगितल्या की त्याला कळतं: मान आणि खालची कड यांच्या मध्यावर, कोपराच्या दोन बोटं वर, खांद्याच्या टोकापर्यंत. या एका बदलानं स अक्षर कमी वेळा लिहावं लागतं.

दुसरी गोष्ट नकाराची. "लटकन नको" लिहिलं की बरेचदा लटकन येऊन बसतं, कारण सूचनेत तो शब्द असतो. नको असलेल्या वस्तूचं नाव घेण्याऐवजी त्या जागी काय हवंय ते लिहा: गळ्याच्या कडा साध्या, बारीक पायपिंगच्या. "बाही नको" ऐवजी बिनबाह्यांचा, खांदे उघडे.

तिसरी आपल्या शब्दांची. मुनिया काठ, नारळी काठ, आसावली हे शब्द पैठणी नेसणाऱ्या कुणालाही कळतात, पण टूलला त्यातलं फारसं कळत नाही. मुनिया म्हटल्यावर ते पोपटांऐवजी भलतीच नक्षी भरतं. अशा वेळी शब्दावर विसंबू नका, कापडाचा फोटो द्या आणि सूचनेत "दुसऱ्या फोटोतला काठ" एवढंच म्हणा. मटका आणि पान या गळ्यांचं तसंच: नावासोबत आकार लिहा. मटका म्हणजे वर अरुंद आणि खाली फुगीर गोल, पान म्हणजे खाली टोकदार. टूलला मराठी नीट जमत नसेल तर वाक्यं मराठीत ठेवून शिवणकामाचे शब्द तेवढे रोमनमध्ये लिहून बघा, जसं `boat neck`, `elbow-length sleeves`, `piping`. हा फरक तपासायचा असेल तर पुस्तकाच्या दिवशी, मोफत एडिटवर तपासा.

चित्रावर चित्र चढवू नका

पहिलं चित्र आलं, बाही थोडी आखूड वाटली, त्याच चित्राला सूचना दिली. मग गळा बदलला, त्याच्यावर पुन्हा. पाचव्या फेरीत काठावरच्या पोपटांचे नुसते ठिपके झालेले असतात, भिंत पिवळसर झालेली असते आणि पुतळ्याचा खांदा गळालेला असतो. दर फेरीत टूल अख्खं चित्र नव्यानं रंगवतं, त्यामुळे न सांगितलेल्या जागाही थोड्या थोड्या सरकतात. हे होतंय का, ते बघायला सगळं चित्र पाहू नका. काठाचा एकच तुकडा मोठा करून मूळ फोटोतल्या काठाशेजारी ठेवा. नक्षी मोजता येत नसेल, तर ते चित्र सोडा.

सुधारायचं असेल तर मूळ फोटोकडे परत जा, नोट्समधल्या सूचनेतली एकच ओळ बदला आणि पुन्हा अख्खी सूचना द्या. एका वेळी एकच ओळ. दोन ओळी बदलल्या आणि चित्र बिघडलं, तर कुठल्या ओळीनं बिघडवलं हे शोधायला आणखी एक क्रेडिट जातं. टूलमध्ये `seed` नावाचा आकडा ठेवायची सोय असेल तर तो कायम ठेवा, म्हणजे दोन चित्रांतला फरक बहुतेक तुमच्या शब्दांमुळे पडलेला असेल.

अगदी छोटी जागा सुधारायची असेल, म्हणजे एखादं बटण किंवा गळ्याचा कोपरा, तर ब्रशनं तेवढीच जागा निवडून एडिट करा. निवड जागेपेक्षा थोडी मोठी घ्या. गळा उथळ किंवा खोल करायचा असेल, तर जिथे कापड येणार किंवा जाणार तो पाठीचा भागही निवडीत हवा, नाहीतर टूलला हलायला जागाच राहत नाही आणि तेच चित्र परत मिळतं, क्रेडिट कापून.

आणखी एक युक्ती, जी फार थोडे जण वापरतात. एका चित्रात गळा सुरेख आलाय पण डावी बाही बिघडलीय, दुसऱ्यात बाही बरोबर आहे पण गळा नाही. तिसरं चित्र काढायला जाऊ नका! दोन्ही एकाच मूळ फोटोवरून, एकाच कोनातून आलेली आहेत, त्यामुळे ती एकावर एक बसतात. लेयर असलेल्या कुठल्याही मोफत ॲपमध्ये, किंवा संगणकावर GIMP मध्ये, चांगल्या गळ्याचं चित्र दुसऱ्यावर ठेवा. वरच्याची पारदर्शकता 50 टक्के करून खांदे जुळतायत का बघा. जुळत असतील तर ती परत 100 करा आणि वरच्यातली बिघडलेली बाही खोडरबरानं पुसा, खालची चांगली बाही दिसू लागेल. GIMP मध्ये पुसलेल्या जागी नुसता रंग आला, तर आधी वरच्या लेयरवर `Layer > Transparency > Add Alpha Channel` करून घ्या. काही टूल चित्र थोडं सरकवून किंवा लहान-मोठं करून देतात. तेव्हा आधी मापं जुळवून घ्यावी लागतात.

पायपिंगच्या रंगांचंही काम इथेच होतं. GIMP मध्ये पायपिंगची जागा निवडून `Colors > Hue-Saturation` उघडा आणि `Hue` ची पट्टी सरकवा. हिरव्याचं जांभळं, जांभळ्याचं सोनेरी, कितीही वेळा, एकही क्रेडिट न घालवता. फक्त मूळ पायपिंग पांढरी, काळी किंवा राखाडी असेल तर ही पट्टी काही करत नाही, कारण त्यात बदलायला रंगच नसतो. म्हणून अंतिम चित्रात पायपिंग रंगीत मागायची.

क्रेडिट कापले जाण्याच्या जागा

एका बटणात किती चित्रं निघतात ते सेटिंगमध्ये पाहा. काही टूल आपण होऊन चार चित्रं काढतात आणि चारांचे क्रेडिट कापतात. ते एकावर आणा. चौकटींच्या चित्राला सगळ्यात कमी दर्जाचं मॉडेल आणि साधा आकार पुरतो. मोठा आकार आणि महागडं मॉडेल फक्त अंतिम चित्राला. गिऱ्हाईक ते व्हॉट्सॲपवर बघणार असेल तर तिथेही फार मोठा आकार लागत नाही, कारण व्हॉट्सॲप फोटो दाबून छोटा करतं.

चित्र येता येता अडकलं तर लगेच पुन्हा दाबू नका. बऱ्याचदा ते तिकडे तयार झालेलं असतं, फक्त आपल्या नेटमुळे दिसत नाही. थोडं थांबून हिस्टरी बघा. एकाच सूचनेची दोन चित्रं हिस्टरीत शेजारी दिसत असतील, तर तुमचे क्रेडिट इथेच गळतायत.

मोफत कोटा नव्यानं कधी भरतो ते टूलच्या मदतीच्या पानावर वाचा. तो आपल्या मध्यरात्रीच भरेल असं नाही. जागतिक वेळेप्रमाणे चालणारा कोटा आपल्याकडे पहाटे साडेपाचला भरतो. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या मध्यरात्री भरणारा आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारी साडेबाराला आणि हिवाळ्यात दीडला. काही ठिकाणी पहिल्या एडिटपासून चोवीस तास मोजतात. हे माहीत असलं की कामाची वेळ ठरवता येते: दुपारी बारा वाजता उरलेले एडिट पुस्तकात घालायचे आणि एक-दीडनंतर नव्या कोट्यावर ऑर्डरीचं काम सुरू करायचं. विकतच्या क्रेडिटचंही तसंच. महिन्याच्या प्लॅनमधले क्रेडिट बरेचदा महिना संपला की जातात, सुट्या पॅकची मुदत वेगळी असते. लग्नाच्या दोन महिन्यांत पॅक आणि एरवी मोफत, हे छोट्या दुकानाला परवडतं. मोफत प्लॅनमधली चित्रं धंद्यासाठी वापरायला परवानगी आहे का, तेही त्याच पानावर पाहून घ्या.

तरीही जमत नसेल तर

एकाच गोष्टीवर दोन एडिट फसले, तर तिसरा करायचा नाही. थांबून वहीतलं अक्षर ठरवा. फ असेल तर मूळ फोटो बदला. स असेल तर ओळ बदला. ट असेल तर दोन चित्रं जोडून काम भागतंय का पाहा. काही गोष्टी तिन्ही उपायांनी जमत नाहीत. नाडीची पाठीवरची गाठ, पोटली बटणांची सारख्या अंतरावरची ओळ आणि काठाच्या कोपऱ्यावरचा जोड यांत टूल वारंवार चुकतं. तिथे चित्राची प्रिंट काढा आणि त्यावर बॉलपेननं नाडी आणि बटणं काढून द्या. गिऱ्हाइकाला ते नीट समजतं आणि कारागिराला तर जास्तच समजतं, कारण बटणं किती आणि कुठे हे त्याला आकड्यात कळतं.

गिऱ्हाइकाला चित्र पाठवताना सोबत दोन ओळी लिहा: जरीची चमक आणि रंगाची छटा प्रत्यक्ष कापडाप्रमाणे राहील, आणि ब्लाउज तुमच्या मापाप्रमाणे बसेल, पुतळ्याप्रमाणे नाही. टक्स कुठे येतील, अस्तर कसं बसेल, मुंढ्यात ओढ येईल का, यातलं काहीच चित्र सांगत नाही. कटोरी घ्यायची की प्रिन्सेस कट हे ट्रायलच्या वेळी, अंगावर बघूनच ठरवायचं, त्यासाठी एडिट खर्च करू नका.